रताळ्याचा पैसा दिसतो, भाताचा दिसत नाही

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आमचा आतेभाऊ संध्याकाळी घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षापासून भात बंद. तळातल्या एकरात काही परवडत नाही. माळावरची रताळी तेवढी बरी, पैसा तरी दिसतो."

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात. लाल माती, भरपूर पाऊस, थोडं पुढं गेलं की चंदगड तालुका लागतो. इथं बहुतेकांचं असंच आहे: थोडा माळ, थोडी तळातली भातजमीन, दारात एखादी म्हैस. मी गावच्या सोसायटीत, म्हणजे आमच्या बोलण्यात कृषी पत्तीनमध्ये, हिशेब लिहितो. त्यामुळं कोणी "परवडत नाही" म्हणालं की माझा हात आपोआप वहीकडं जातो. त्याला म्हटलं, उद्या सगळे कागद घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी तो खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी आणि दलालानं माल विकल्यावर दिलेल्या पट्ट्यांचा रबर लावलेला गठ्ठा घेऊन आला. डायरीत मजुरांची नावं होती, ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर होता, आणि एका पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: रताळी आले 54,200, खर्च 39,470, राहिले 14,730. त्याखाली: भात आले 16,800, खर्च 21,000, तोटा 4,200.

बेरीज-वजाबाकीत एकही चूक नव्हती. चूक होती ती काय धरलं आणि काय धरलं नाही, यात. ती नीट केल्यावर दोन्ही पिकांची जागाच बदलली. ती कशी, ते त्याच्याच आकड्यांनी सांगतो.

एका शेताला एक पान

पहिलं काम म्हणजे दोनशे पानी वही घेऊन प्रत्येक शेताला आणि प्रत्येक हंगामाला वेगळं पान देणं. "माळ, 1 एकर, रताळी, पावसाळी" हे एक पान. "तळातलं, 1 एकर, भात, पावसाळी" हे दुसरं. सगळा खर्च तारखेप्रमाणे एकाच यादीत लिहिला, तर वर्षाअखेर पैसे गेले एवढंच कळतं, कुठल्या पिकानं खाल्ले ते कळत नाही.

पानावर रकाने मोजकेच: तारीख, काय, किती, दर, रुपये. शेवटी एक छोटा रकाना, ज्यात र, उ किंवा घ लिहायचं. र म्हणजे रोख दिले, उ म्हणजे उधार आणलं, घ म्हणजे घरचं वापरलं. हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि खरी गोम तिथंच आहे.

खर्च लिहिताना विकत किती घेतलं हे न लिहिता शेतात किती टाकलं ते लिहायचं. आतेभावानं जूनमध्ये डीएपीची तीन पोती आणली. दोन रताळ्याला गेली, एक भाताला. बिल एकच होतं. त्यानं ते अंदाजानं रताळ्यावर टाकलं असतं, तर एका पोत्याचे 1,350 रुपये उगाच चुकीच्या पानावर गेले असते. वर्षाअखेर पोतं शिल्लक राहिलं तर ते कुठल्याच पानावर जात नाही. वहीच्या मागच्या बाजूला "शिल्लक" म्हणून लिहायचं आणि पुढच्या वर्षी वापरलं की खर्चात घ्यायचं. उधारीचंही तसंच. दुकानदाराला पैसे दिवाळीत दिले म्हणून खत दिवाळीत टाकलं असं होत नाही. ज्या दिवशी शेतात पडलं, त्या दिवशी खर्च.

वर्ष कुठून धरायचं, हा प्रश्न हमखास येतो. आमच्याकडं बरेच जण पाडव्याला नवी वही काढतात, आणि माळ त्यावेळी मोकळा असतो म्हणून ते सोयीचंही आहे. पण अधिक महिना आला की घोटाळा होतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत तेरा महिने भरतात. वहीची पूजा पाडव्याला करा, हिशेब 1 एप्रिलपासून धरा.

पट्टी नीट वाचायची

आता रताळ्याच्या पानाकडं येऊ. बेळगावच्या एपीएमसीत चार खेपा गेल्या. पहिली नवरात्राच्या तोंडावर, उपवासाची मागणी असताना: 12 क्विंटल, दर 1,900. नंतर 15 क्विंटल 1,500 नं, मग 14 क्विंटल 1,100 नं, आणि शेवटचा बारीक-सारीक माल 9 क्विंटल 900 नं. एकूण 50 क्विंटल. दरानं गुणून बेरीज केली तर 68,800 रुपये होतात.

मग डायरीत 54,200 कुठून आले? ते हातात पडलेले रोख पैसे. पट्टीच्या खालच्या बाजूला कपात असते. चारही पट्ट्या मिळून हमाली-तोलाईचे 1,000 कापले होते. टेम्पोचं भाडं 3,600, ते दलालानं ड्रायव्हरला परस्पर देऊन पट्टीत वळतं केलं होतं. आणि 10,000 रुपये उचल. ही उचल त्यानं गणपतीच्या आधी दलालाकडून घेतली होती आणि घरी खर्च केली होती. ती पट्टीतून वळती झाली.

यातली हमाली-तोलाई हा खरा खर्च आहे. टेम्पो हाही खरा खर्च आहे, पण त्यानं तो डायरीतल्या खर्चाच्या यादीतही लिहून ठेवला होता. म्हणजे एकदा पट्टीत कापला गेला आणि पुन्हा एकदा त्यानं स्वतः वजा केला. उचल तर खर्चच नाही. ते त्याचेच पैसे, फक्त दोन महिने आधी मिळाले. गणपतीला मिळाले तेव्हा डायरीत जमा लिहिले नव्हते आणि आता वजा मात्र झाले. 10,000 आणि 3,600 मिळून 13,600 रुपये त्याच्या नफ्यातून नाहीसे झाले होते, आणि ते कुणी चोरले नव्हते.

म्हणून उत्पन्नाच्या बाजूला नेहमी वजन गुणिले दर लिहायचं, म्हणजे पट्टीची वरची रक्कम. कपात एकेक करून खर्चाच्या बाजूला. उचल कुठंच नाही, ती दलालाच्या देण्याघेण्याच्या पानावर.

पट्ट्या अनेकदा कन्नडमध्ये असतात, आणि आमच्यातले बरेच जण फक्त खालचा आकडा बघून खिशात घालतात. चार शब्द ओळखता आले की काम होतं: तूक म्हणजे वजन, दर म्हणजे दर, ओट्टू म्हणजे एकूण, बाकी म्हणजे बाकी. घरी आल्यावर फोनवर फोटो काढून ठेवावा, कारण कार्बनची पट्टी सहा महिन्यांत पुसट होते.

आणि गोण्या मोजून पाठवाव्यात. आतेभावानं शंभर गोण्या पाठवल्या होत्या. घरी चार-पाच तोलून पाहिल्या तेव्हा सरासरी 51 किलो भरल्या होत्या, पट्टीवर सरासरी 50 आली. शंभर गोण्यांत एक क्विंटलचा फरक. काही माती झडली, काही माल वाळला, काही काट्यावर सूट गेली, यातलं किती कशात ते सांगता येत नाही. पण घरचं वजन लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी तो फरक एक क्विंटल आहे की चार, एवढं तरी विचारता येतं.

घ

रताळ्याच्या पानावर रोख गेलेले पैसे असे होते:

नांगरट आणि रोटर: 3,600
शेणखत, विकतच्या 2 ट्रॉल्या: 6,000
वेल: 4,000
डीएपी 2 पोती, पोटॅश आणि युरिया एकेक पोतं: 4,670
लावणीचे मजूर: 3,000
भांगलणीचे मजूर: 3,600
काढणीचे मजूर: 9,000
गोण्या: 2,000
टेम्पो: 3,600
हमाली-तोलाई: 1,000

एकूण 40,470. म्हणजे 68,800 मधून हे गेले की 28,330 उरतात. डायरीतल्या 14,730 च्या जवळजवळ दुप्पट. आतेभाऊ खूश झाला. "मग बघ, मी म्हणत होतो ना, रताळीच बरी!"

तेवढ्यात त्याची बायको चहाचे कप उचलायला आली. वहीत डोकावून म्हणाली, "दादा, ह्यात माझे दिवस कुठं धरलेत?"

कुठंच धरले नव्हते. मजुरांच्या यादीत शेजारच्या बाया होत्या, त्यांच्या ओळीत खाली बसून तीच भांगलण करणारी ही मात्र नव्हती. तिला दिवस विचारले तर तिनं धडाधड सांगितले: वेल कापायला दोन, लावणीला चार, दोन भांगलणीला नऊ, काढायला आणि निवडायला अकरा. सव्वीस. आतेभावाला स्वतःचे दिवस सांगायला अर्धा तास लागला, तेही तिनंच आठवण करून दिल्यावर बावीस निघाले.

घरच्या माणसांच्या दिवसाला दर कुठला लावायचा? गावात त्या कामाला जी मजुरी चालते ती. म्हणजे ती त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात गेली असती तर जे मिळालं असतं ते. आमच्याकडं त्या हंगामात बाईला 300 आणि गड्याला 500 चालू होते. (त्याच ओळीत त्याच वाकलेल्या कमरेनं काम करून हा फरक का, याचं उत्तर वही देत नाही. ती गावाचा दर लिहून घेते.) तिचे 7,800, त्याचे 11,000. एकूण 18,800.

मग घरचं शेणखत. चार ट्रॉल्यांतल्या दोन स्वतःच्या उकिरड्याच्या होत्या. त्या विकल्या असत्या तर 6,000 आले असते, म्हणून रताळ्याच्या पानावर 6,000 खर्च, पुढं "घ". हेच 6,000 म्हशीच्या पानावर जमा होतात. म्हैस दुधात परवडते की नाही हे मोजताना शेणाचे पैसे सोडले, तर म्हैस नेहमीच तोट्यात दिसते. फवारणी पंपाची झीज रताळ्याच्या वाट्याला 500 धरली.

उत्पन्नाच्या बाजूलाही "घ" असतो. दोन क्विंटल रताळी घरी राहिली होती, थोडी बहिणीकडं गेली, थोडी पाहुण्यांना दिली. वाटली म्हणून ती पिकली नाहीत असं होत नाही. त्यावेळच्या बाजाराच्या मानानं 1,000 दर धरला, म्हणजे 2,000 जमा.

आता पान पूर्ण झालं. उत्पन्न 70,800. रोख खर्च 40,470, त्याशिवाय घरचे दिवस, शेणखत आणि झीज मिळून 25,300. एकूण खर्च 65,770. निव्वळ नफा 5,030.

28,330 आणि 5,030, दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला सांगतो की या पिकातून घरात किती रोकड आली, म्हणजे पोराची फी आणि सोसायटीचा हप्ता यातून निघेल का. दुसरा सांगतो की घरच्यांना त्यांची मजुरी देऊन पिकानं वर काय दिलं. सरकार पिकांचा हमीभाव ठरवतं तेव्हाही असाच भेद करतं. कृषी खर्च आणि मूल्य आयोग रोख आणि तत्सम खर्चाला ए-टू म्हणतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल होतो, आणि हमीभाव या दुसऱ्या आकड्याच्या दीडपट धरला जातो. त्याही पुढं सी-टू नावाचा खर्च आहे, ज्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरतात. शेतकरी संघटना दीडपट मागतात ती या सी-टूच्या. आतेभावाच्या माळाला खंडानं एकरी 8,000 मिळाले असते. ते धरले तर 5,030 नफ्याचा जवळजवळ 3,000 चा तोटा होतो. हा आकडा रोजच्या वहीत मी लिहीत नाही. पण जमीन खंडानं द्यावी की स्वतः करावी असा प्रश्न आला की तोच काढावा लागतो.

मग भाताचं पान

भाताच्या पानावर डायरीत फक्त 16,800 जमा होते, म्हणजे 7 क्विंटल भात 2,400 नं विकला त्याचे. खर्च 21,000. तोटा दिसणारच. पण मळणीला भात भरला होता 18 क्विंटल. उरलेला 11 क्विंटल घरातच होता, वर्षभर खायला आणि थोडा बियाण्याला. त्याच दरानं त्याचे 26,400. आणि पिंजर. ती सगळी म्हशीला, विकत घेतली असती तर 5,000 गेले असते. एकूण उत्पन्न 48,200.

त्यातून रोख 21,000, घरचे दिवस 14,000, घरचं शेणखत 3,000. उरले 10,200.

डायरीत 4,200 तोटा, वहीत 10,200 नफा. रताळ्याच्या दुप्पट. आतेभाऊ बराच वेळ पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पण दादा, हे दहा हजार मला कधी दिसलेच नाहीत." बरोबर आहे, दिसणार कसे? ते त्यानं रोज दोन वेळा ताटात बघितले होते.

इथं एक खाचखळगा सांगायला हवा. घरी खाल्लेल्या भाताला दर कुठला लावायचा? बांधावरचा, म्हणजे ज्या दरानं त्या आठवड्यात विकला गेला तो. दुकानातला तांदळाचा दर लावला तर गिरणीचं, व्यापाऱ्याचं आणि दुकानदाराचं काम आपल्या पिकाच्या नावावर जमा होतं आणि भात उगाच सोन्यासारखा दिसतो. पण "भात सोडू का" हा प्रश्न असला तर मात्र दुकानाचाच दर बघावा लागतो, कारण भात सोडला की तांदूळ दुकानातूनच येणार. 10 क्विंटल भातापासून साधारण साडेसहा क्विंटल तांदूळ निघतो. तेवढा तांदूळ दुकानातून आणायला किती लागतील, हे त्यानं मनातल्या मनात मोजलं आणि भात सोडायचा विषय तिथंच मिटला.

पण यातून रताळी वाईट असा अर्थ कुणी काढू नये. भातानं रोकड दिलेली नाही. रोकड रताळ्यानंच दिली. दोन्ही एकर भाताखाली आले असते तर फी भरायला पैसे नसते.

पिकाच्या पानावर न येणाऱ्या गोष्टी

सोसायटीत बसून मी रोज बघतो, की पिकाच्या हिशेबात सगळ्यात जास्त गोंधळ कर्ज घालतं. पीककर्जाची रक्कम आली म्हणजे उत्पन्न नाही, आणि फेडली म्हणजे खर्च नाही. घेतलेले पैसे खत आणि मजुरीवर गेले, ते खर्चात आधीच आले आहेत. फेडही खर्चात लिहिली तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. खर्च फक्त व्याज.

कर्नाटकात सोसायटीमार्फतचं अल्पमुदत पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी आहे. ही मर्यादा 2023-24 च्या अर्थसंकल्पात 3 लाखांवरून 5 लाखांवर नेली. त्यामुळं "व्याज शून्य" असं लिहून लोक मोकळे होतात. पण नवं-जुनं करायची वेळ आली की हातात पैसे नसतात. मग गावातल्याच कुणाकडून आठ-पंधरा दिवसांसाठी महिना अमुक टक्क्यानं घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्याला परत करायचे. त्या पंधरा दिवसांचं व्याज हे बिनव्याजी कर्जाचं खरं व्याज आहे. ते वहीत यायलाच हवं, आणि मी आजवर एकाही शेतकऱ्याच्या वहीत ते लिहिलेलं पाहिलेलं नाही.

पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 घराच्या पानावर लिहावेत, पिकाच्या नाही. पीक असो वा नसो, ते येतात. पिकात मिसळले तर तोट्यातलं पीक झाकलं जातं.

मोटर असलेल्यांसाठी आणखी एक. 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीजबिल नाही, म्हणून पाणी फुकट असं वाटतं. पण तीस हजारांची मोटर दहा वर्षं चालणार असेल तर वर्षाला तीन हजार झिजते, आणि मध्येच जळाली की रिवाइंडिंग वेगळं. झीज सगळ्या बागायत पिकांना पाण्याच्या पाळ्यांप्रमाणे वाटून टाकावी.

उसाचं गणित वेगळ्याच जातीचं. चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांना हे रोजचंच आहे. लागणीच्या वर्षी बेणं, नांगरट आणि सऱ्यांचा खर्च एकदम होतो, पण पीक लागणीचं आणि खोडव्याचंही येतं. पहिल्याच वर्षावर सगळा खर्च टाकला तर लागण बुडाली आणि खोडवा सोन्याचा असं दिसतं. बेणं-लागणीचा खर्च जितकी तोडणी होणार तितक्यांत वाटावा. कारखान्याचं बिल हप्त्याहप्त्यानं येतं. ते पैसे कुठल्याही महिन्यात आले तरी ज्या वर्षी ऊस तुटला त्याच पानावर जमा करावेत. आणि एफआरपी म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर म्हणून जो आकडा छापून येतो, 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात येते. पट्टीसारखंच: वरचा आकडा जमा, कपात खर्चात.

900 च्या दरानं काढलं ते चुकलं का?

वही मिटता मिटता आतेभावानं मनातली सल सांगितली. शेवटची खेप 900 नं गेली होती. "त्या दरात काढायलाच नको होती. नुकसानच झालं."

एकूण खर्च 65,770, माल 52 क्विंटल, म्हणजे क्विंटलला साधारण 1,265 रुपये पडले. 900 त्याच्या कितीतरी खाली. त्या अर्थानं तोटा खरा. पण काढणीच्या दिवशी हा आकडा उपयोगाचा नव्हता. नांगरट, शेणखत, वेल, भांगलण हे सगळं जूनपासून जमिनीत गेलेलं होतं. माल काढला काय, न काढला काय, ते परत येणार नव्हतं. त्या दिवशी हातात असलेला खर्च म्हणजे काढणीचे मजूर 9,000, गोण्या 2,000, टेम्पो 3,600 आणि हमाली-तोलाई 1,000. एकूण 15,600, क्विंटलला 300. स्वतःचे चार दिवस त्यात धरले तरी 900 च्या बरंच खाली.

म्हणजे 300 च्या खाली दर गेला असता तर माल जमिनीतच ठेवणं किंवा म्हशीला टाकणं शहाणपणाचं होतं. 300 च्या वर काढणंच बरोबर. रोख खर्च भरून यायला सरासरी 780 च्या आसपास दर हवा होता, आणि घरच्यांची मजुरी सुटायला 1,265. हे तीन आकडे आपण वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पहिला काढणीच्या दिवशी बघायचा, दुसरा दिवाळीत देणी देताना, आणि तिसरा पुढच्या जूनमध्ये माळावर किती गुंठे रताळी लावायची ते ठरवताना.

यंदा त्यानं माळाचे वीस गुंठे रताळ्याला ठेवलेत. वही घरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे, आणि "घ"च्या रकान्यातलं अक्षर त्याच्या बायकोचं आहे.